गोळीने मेंदू जळत नाही, एक वाट अडते

“डोक्याच्या गोळ्या सुरू केल्या की माणूस लाकडासारखा ताठ होतो, हात थरथरतात, तोंडातून लाळ गळते. गोळीने मेंदू जाळल्याची ही खूण आहे. जुन्या गोळ्या विषारी, नव्या गोळ्यांना असला त्रासच नाही. त्रास दिसला की त्याच दिवशी सगळ्या गोळ्या बंद करा. त्यापेक्षा सर्पगंधा द्या, नैसर्गिक आहे, दुष्परिणाम शून्य.”

स्किझोफ्रेनियासारख्या मनोविकारांवरच्या गोळ्यांबद्दलचा हा मजकूर गेल्या महिन्यात माझ्या ओपीडीत तीन घरच्या माणसांनी मोबाइलवर दाखवला. त्यातल्या एका आईने तो वाचून मुलाच्या गोळ्या आधीच बंद केल्या होत्या. म्हणून सविस्तर लिहितो.

सुरुवातीला एक कबुली. ताठरपणा, थरथर, लाळ हे सगळं होतं. आम्ही डॉक्टर ते आधी नीट सांगत नाही, मग घरचे घाबरतात आणि असा मजकूर त्यांना खरा वाटतो. पण हे का होतं, याचं जे कारण त्यात दिलंय ते चूक आहे, आणि कारण चुकलं की उपायही चुकतो.

डोपामिन हे मेंदूतलं रसायन एका पेशीकडून दुसरीकडे निरोप नेतं. त्याच्या मुख्य वाटा चार. आपल्याला इथे दोन समजल्या तरी पुरे. एक वाट मध्यमेंदूतून भावना आणि ओढ सांभाळणाऱ्या भागाकडे जाते. स्किझोफ्रेनियात या बाजूला डोपामिनचा जोर वाढतो. मग साध्या गोष्टींनाही भलता अर्थ चिकटतो, शेजारी खोकला तरी तो आपल्यालाच उद्देशून वाटतो, कानात आवाज येतात. दुसरी वाट सबस्टॅन्शिया नायग्रा या काळसर भागातून निघून मेंदूत खोलवर असलेल्या, हालचाली सांभाळणाऱ्या स्ट्रायटम या भागापर्यंत जाते. चालताना हात आपोआप हलणं, कूस बदलणं, चेहऱ्यावर हसू उमटणं, थुंकी नकळत गिळणं ही सगळी न सांगता होणारी कामं तिच्यावर चालतात.

अडचण अशी की दोन्ही वाटांच्या टोकाला कुलूप एकच आहे, डी-२ नावाचा रिसेप्टर. गोळी रक्तातून सगळ्या मेंदूत पोचते. हॅलोपेरिडॉल हे या आजारावरचं जुनं औषध पहिल्या वाटेवरचं डी-२ अडवतं तेव्हा आवाज कमी होतात. त्याच वेळी दुसऱ्या वाटेवरचं डी-२ही अडतं आणि शरीर आखडतं. औषधाचा गुण आणि त्रास दोन्ही एकाच कामातून येतात.

स्ट्रायटममध्ये डोपामिन आणि ॲसिटिलकोलीन नावाचं दुसरं निरोप्या रसायन यांचा तराजू असतो. डोपामिन डी-२मार्फत ॲसिटिलकोलीनला आवर घालतं. तो आवर सुटला की ॲसिटिलकोलीनचं पारडं जड होतं आणि स्नायू ताठतात. सोबत दिलेली ट्रायहेक्सीफेनिडिलची छोटी गोळी हे जड पारडं हलकं करते. ती “पार्किन्सनची गोळी” आहे म्हणून मुलाला पार्किन्सन लागला असं होत नाही. लाळेचंही तसंच. ताठरपणात लाळ जास्त बनत नाही, गिळणं मंदावतं म्हणून ती ओठांवर येते.

मग जळालं काय? पार्किन्सनच्या आजारात सबस्टॅन्शिया नायग्रातल्या पेशी खरोखर मरतात. इथे पेशी जिवंत असतात, डोपामिन बनवत असतात, फक्त पुढचं कुलूप गोळीने भरलेलं असतं. १९५७ मध्ये स्वीडनमध्ये आर्विद कार्लसन यांनी सशांना रिसर्पिन हे औषध दिलं. त्याने मेंदूतला डोपामिनचा साठा रिकामा होतो. ससे निपचित पडले. मग डोपामिन ज्यापासून बनतं ते एल-डोपा टोचलं आणि काही मिनिटांत ससे उठून बसले. जळालेला मेंदू काही मिनिटांत उठत नाही. डोपामिनवरच्या कामासाठी कार्लसन यांना २००० सालचं नोबेल मिळालं. हा ससा लक्षात ठेवा, शेवटी पुन्हा येणार आहे.

आमच्याकडे एकोणीस वर्षांचा एक मुलगा आला होता. दुसऱ्या एका ठिकाणी त्याला हॅलोपेरिडॉलची इंजेक्शनं मिळाली होती, सोबत ट्रायहेक्सीफेनिडिल नव्हतं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी जेवताना त्याची मान डावीकडे वळली ती तशीच राहिली. डोळे छताकडे लागले, जीभ जाड होऊन बोलणं अडकलं. शुद्ध पूर्ण होती, घामाघूम होऊन तो इशाऱ्याने पाणी मागत होता. आजी म्हणाली, बाहेरचं आहे. लिंबू उतरवण्यात दीड तास गेला. आमच्याकडे आणल्यावर प्रोमेथाझिनचं एक इंजेक्शन दिलं आणि अर्ध्या तासाच्या आत मान सरळ झाली. वडील भिंतीला टेकून रडले. याला ॲक्यूट डिस्टोनिया म्हणतात. तो बहुतेकदा पहिल्या चार-पाच दिवसांत येतो आणि तरुण मुलांमध्ये जास्त दिसतो. दिसायला भयंकर असतो, पण इतक्या लवकर सुटणारा दुसरा त्रास क्वचितच असेल. फक्त घशाचे स्नायू आवळून श्वास अडत असेल, तर एक मिनिटही घरी घालवू नये.

आता जुन्या आणि नव्या गोळ्या. जुन्यांमध्ये १९५२ पासून मनोविकारांवर वापरात आलेलं क्लोरप्रोमाझिन आणि १९५८ चं हॅलोपेरिडॉल येतात. नव्यांमध्ये रिस्पेरिडोन, ओलांझापिन, क्वेटियापिन, क्लोझापिन. डी-२ या सगळ्याच अडवतात. फरक किती आणि कसं अडवतात यात आहे. हॅलोपेरिडॉल घेणाऱ्या रुग्णांचे पेट स्कॅन काढून हे मोजलं गेलंय. साधारण ६५ टक्के डी-२ अडले की आजार उतरू लागतो, ७८ टक्क्यांच्या पुढे ताठरपणा सुरू होतो. मधली जागा अरुंद आहे. हॅलोपेरिडॉल थोड्याच डोसात ती ओलांडतं. क्लोझापिन आणि क्वेटियापिन डी-२ वर सैल बसतात आणि लवकर सुटतात, त्यामुळे शरीराच्या डोपामिनला मधून मधून जागा मिळते. शिवाय बहुतेक नवी औषधं सेरोटोनिन या आणखी एका निरोप्या रसायनाचा ५-एचटी-२ए हा रिसेप्टरही अडवतात. सेरोटोनिन स्ट्रायटमकडच्या वाटेवर डोपामिनला दाबून धरतं. तो दाब निघाला की तिथे डोपामिन जास्त सुटतं आणि गोळीने अडवलेल्या वाटेवर थोडी भरपाई होते.

पण “त्रासच नाही” हे खरं नाही. त्या मुलालाच पुढे आम्ही रिस्पेरिडोनवर घेतलं. दिवसाला ४ मिलिग्रॅमवर आवाज थांबले, कॉलेज सुरू झालं. मध्ये ताण वाढला म्हणून कोणीतरी डोस ८ केला. तीन आठवड्यांनी आला तेव्हा दारातून आत येताना त्याचा उजवा हात अंगाला चिकटलेला होता, जरासुद्धा झुलत नव्हता. वहीत अक्षर ओळीच्या शेवटी मुंगीएवढं झालेलं. आई म्हणाली, शर्टाची बटणं लावायला दहा मिनिटं लागतात. साधारण ६ मिलिग्रॅमच्या पुढे रिस्पेरिडोन जुन्या औषधासारखंच वागू लागतं. डोस टप्प्याटप्प्याने परत ४ वर आणला, महिनाभरात अक्षर मोठं झालं. नव्या गोळ्यांचे स्वतःचे त्रासही आहेत. ओलांझापिनने वजन आणि साखर वाढते, क्लोझापिनमुळे क्वचित पांढऱ्या पेशी धोकादायक इतक्या घटतात, म्हणून सुरुवातीला दर आठवड्याला रक्त तपासावं लागतं. क्लोझापिनवर रात्री उशी लाळेने भिजते, पण तो ताठरपणाचा भाग नाही, तिथे लाळेचं कारण वेगळं आहे आणि उपायही. दुसरीकडे योग्य डोसात दिलेलं हॅलोपेरिडॉल आजही कामाचं, स्वस्त औषध आहे. त्याला विष म्हणणं मला पटत नाही.

सगळ्यात घातक वाक्य मात्र बंद करण्याचं आहे. एकदम बंद केल्यावर आजार बहुतेकदा त्याच आठवड्यात उसळत नाही, काही आठवडे किंवा महिने जातात. म्हणून घरच्यांना वाटतं, बघा, गोळीशिवाय बराच आहे. त्या आईचंही तेच झालं. दोन महिन्यांनी मुलगा रात्रभर जागून खिडक्यांना कागद चिकटवत होता.

इथे घरच्यांनी एक गोष्ट ओळखायला शिकावी, अकाथिसिया. रुग्ण बसतो, उठतो, फेऱ्या मारतो, उभ्या उभ्या पाय बदलतो. आजार वाढला असं वाटतं, डोस वाढवला जातो आणि अस्वस्थता आणखी वाढते. त्याला शांतपणे विचारा, मनात विचार आहेत म्हणून फिरतोस, की पायच स्वस्थ बसू देत नाहीत? “बसायचंय पण बसवत नाही” असं उत्तर आलं तर डॉक्टरांना ते तसंच्या तसं सांगा. डोस कमी करणं, औषध बदलणं किंवा प्रोप्रानोलोल देणं, असे उपाय आहेत. हा त्रास लपून राहिला तर माणूस जिवावर उदार होऊ शकतो, म्हणून तो किरकोळ समजू नये.

त्याच दिवशी गोळी थांबवून रुग्णालय गाठायचं, असा एक प्रसंग आहे. अंग शिशासारखं ताठ, खूप ताप, घाम आणि बोलण्यात गोंधळ हे एकत्र दिसलं तर ते न्यूरोलेप्टिक मॅलिग्नंट सिंड्रोम असू शकतं. ते दुर्मिळ आहे, पण जीव घेऊ शकतं.

आणि एक त्रास खरंच मागे राहू शकतो. महिनोन्महिने, वर्षानुवर्षे डी-२ अडवल्यावर काही जणांचे ओठ, जीभ, जबडा आपोआप चाळवू लागतात, काही चघळत असल्यासारखे. हा टार्डिव्ह डिस्कायनेशिया. जुन्या औषधांवर असलेल्या प्रौढांमध्ये दरवर्षी शंभरात सुमारे पाच जणांना तो नव्याने होतो, नव्या औषधांवर कमी, वृद्धांमध्ये जास्त. गोळी अचानक थांबवली तर ही हालचाल आधी वाढते आणि ट्रायहेक्सीफेनिडिलने ती सुधारत नाही, उलट बिघडू शकते. म्हणून सहा महिन्यांनी एकदा तरी रुग्णाला तोंड उघडून जीभ आतच ठेवायला सांगून बघावं. स्थिर न राहता ती वळवळत असेल तर त्या भेटीतच औषधाचा फेरविचार व्हायला हवा.

राहिली सर्पगंधा. तिचा मान मी ठेवतो. १९३१ मध्ये कोलकात्याच्या सेन आणि बोस यांनी वेड आणि रक्तदाबावर तिचा उपयोग नोंदवला, १९४९ मध्ये मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबावरचा आपला अनुभव ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापला आणि जगाचं लक्ष तिच्याकडे गेलं. पण तिच्या मुळातलं मुख्य औषधी द्रव्य रिसर्पिन आहे. तेच, ज्याने कार्लसन यांचे ससे निपचित पडले. ते डोपामिन साठवण्याचं दार बंद करतं, त्यामुळे साठा संपतो आणि दोन्ही वाटा सुकतात. रिसर्पिन घेणाऱ्या माणसांमध्येही ताठरपणा आणि थरथर दिसली आहे, त्याशिवाय रक्तदाब उतरणं आणि उदासी यांचाही धोका. हॅलोपेरिडॉल घेणाऱ्या मुलाला वरून सर्पगंधेची पूड दिली, तर एकीकडे कुलूप भरलेलं आणि दुसरीकडे डोपामिनच संपलेलं, अशी गत होईल. कोणी ती आधीच देत असेल तर रागावणार नाही. पुढच्या भेटीला ती पुडी सोबत आणा.