गॅमा निगेटिव्ह म्हणजे बाजार पडणारच?

"डीलरांचा गॅमा निगेटिव्ह झाला की इंडेक्स पडणारच. पॉझिटिव्ह असेल तर पडणं अशक्य. एक्स्पायरीला मोठे लोक ठरवून भाव स्ट्राइकवर बांधून ठेवतात. ओपन इंटरेस्ट बघा, सगळं कळतं."

व्हायरल झालेला हा फॉरवर्ड मेसेज वाचून माझा धाकटा भाऊ पुट, म्हणजे स्ट्राइक या ठरलेल्या भावाला विकण्याचा हक्क देणारे ऑप्शन, विकायला निघाला होता, म्हणून लिहितोय.

पहिलं वाक्य सगळ्यात घातक आहे. समजा इंडेक्स 5000 वर आहे आणि ग्राहकांच्या ऑप्शन सौद्यांची दुसरी बाजू घेणाऱ्या डीलरने एक लाख युनिटचे पुट विकलेत, म्हणजे त्याचा गॅमा निगेटिव्ह आहे. इंडेक्स एक अंक हलला की पुटचा भाव जितका हलतो तो त्याचा डेल्टा, इथे उणे 0.40; आणि एका अंकामागे डेल्टा जितका बदलतो तो गॅमा, इथे 0.002. दिशेचा धोका नको म्हणून हेज करायला त्याने 40,000 युनिट फ्युचर विकून ठेवलेत. इंडेक्स 50 अंक पडला की डेल्टा साधारण उणे 0.50 होतो आणि त्याला आणखी 10,000 युनिट विकावे लागतात, तेही पडत्या बाजारात. इथवर तो मेसेज बरोबर वाटतो. पण इंडेक्स 50 अंक चढला तर? डेल्टा उणे 0.30 वर येतो आणि तोच डीलर 10,000 युनिट परत विकत घेतो, चढत्या बाजारात. म्हणजे निगेटिव्ह गॅमा बाजाराला खाली ओढत नाही, तो ज्या दिशेला निघालाय त्याच दिशेला आणखी ढकलतो. झटक्याने होणारी उसळीही त्यातूनच येते.

नी, पिअरसन, पोटेशमन आणि व्हाइट यांचा 2021 चा शोधनिबंध 'रिव्ह्यू ऑफ फायनान्शियल स्टडीज'मध्ये आहे. तो अमेरिकी शेअरवरचा आहे, इंडेक्सवरचा नाही, पण यंत्रणा तीच. हेज करणाऱ्यांचा एकूण गॅमा जितका निगेटिव्ह, तितकी शेअरची हालचाल मोठी, आणि जितका पॉझिटिव्ह तितकी लहान. हालचाल किती मोठी एवढंच त्यातून कळतं, कुठल्या दिशेला ते नाही.

"पडणं अशक्य" हेही खोटं. पॉझिटिव्ह गॅमावाला डीलर पडझडीत घेतो, पण हेजला लागेल तेवढंच. विक्री त्याहून मोठी आली की भाव त्या स्ट्राइकपासून लांब जातो, तिथला गॅमा विरतो आणि खाली विकलेले पुट पुढ्यात येतात. मग कालचा घेणारा आज विकणारा होतो.

स्ट्राइकवर भाव चिकटतो, हे कधीकधी खरं आहे, मान्य. पण त्याला कट लागत नाही. डीलरांनी तो ऑप्शन घेतलेला असेल तर वर विकणं आणि खाली घेणं हे त्यांचं हेजिंगच असतं, आणि एक्स्पायरीजवळ ते तीव्र होतं. त्यांनी विकलेला असेल तर भाव तिथून उलट उडतो.

आणि ओपन इंटरेस्ट! त्यात किती करार उघडे आहेत एवढंच दिसतं, डीलर कुठल्या बाजूला आहे ते नाही. गॅमाचे बहुतेक तक्ते सरळ धरून चालतात की ग्राहकांनी कॉल विकलेत आणि पुट घेतलेत. प्रीमियमसाठी ग्राहकच पुट विकत असतील, तर पुटच्या बाजूचं चिन्हच उलटं होतं आणि तक्ता मात्र तसाच दिसत राहतो.