मुलीचे चॅट उघडून दिले नाहीत म्हणून एक स्टार: दादरच्या मोबाईल दुकानदाराचं उत्तर

«मुलीच्या व्हॉट्सॲपचे चॅट बघायचे होते. पाच मिनिटांचं काम, पण मालकाने सरळ नाही म्हटलं, वर शहाणपणा शिकवला. फोन मी घेतलाय, मुलगी माझी आहे. एक स्टार.»

नमस्कार साहेब. आपल्याला मनस्ताप झाला, क्षमस्व. शनिवारी संध्याकाळी काउंटरवर गर्दी होती, बोलणं तुटक झालं असेल. पण हे वाचून लोकांना वाटेल की आम्ही मुद्दाम अडवलं, म्हणून वेळेचं सविस्तर सांगतो.

पिन आपल्याला माहीत नव्हता. ‘लॉक तोडा’ म्हणालात. आताच्या अँड्रॉइडमधला डेटा एन्क्रिप्ट केलेला असतो आणि तो उघडायला पिनच लागतो. आम्ही फोन रिसेट करू शकतो, पण मग लॉकबरोबर चॅटही जातात. नंतर तिचं सिम दुसऱ्या फोनमध्ये घालायला सांगितलंत. ओटीपी येईल, खरं आहे; पण तिच्या फोनवरचं व्हॉट्सॲप तिथेच बंद पडेल. तिने व्हॉट्सॲपला टू-स्टेपचा वेगळा पिन लावला असेल तर गाडी तिथेच अडेल. समजा नाही अडली, तरी जुने मेसेज दिसणार नाहीत, कारण पोचलेला मेसेज कंपनीच्या सर्व्हरवर ठेवला जात नाही. ते मिळतात गूगल ड्राइव्हच्या बॅकअपमधून आणि त्याला तिचंच जीमेल खातं लागतं. बॅकअप एन्क्रिप्ट करून पासवर्ड लावला असेल, तर तो गूगललाही उघडत नाही. यात पाच मिनिटं कुठली, साहेब?

पाच मिनिटांत होतं ते एकच. मुलीने स्वतः फोन उघडायचा आणि ‘लिंक्ड डिव्हाइसेस’मधून आपल्या फोनवरचा क्यूआर कोड स्कॅन करायचा. आपला फोन तिला त्या यादीत दिसत राहील, नको वाटलं की ती काढून टाकेल. आधी डिलीट केलेलं त्यातही येणार नाही. तिला घेऊन या, एक पैसा न घेता करून देतो, असं मी म्हणालो होतो. त्यावर आपला आवाज चढला.

बिल आपल्या नावावर आहे, मान्य. पण त्या चॅटमध्ये तिच्या मैत्रिणींचंही बोलणं आहे, ते बिलात येत नाही. मुलगी सोळा वर्षांची आहे. तिला न सांगता माझ्या काउंटरवर ते वाचायचं, हे मला पटलं नाही. याला शहाणपणा म्हणायचं तर म्हणा.

दुसरीकडे ‘लपवलेलं ॲप’ टाकून देतात म्हणालात. त्यासाठीही आधी फोन उघडावा लागतो, घातक ॲप अडवणारं गूगलचं प्ले प्रोटेक्ट बंद करावं लागतं आणि स्क्रीनवरचं वाचू देणारी ॲक्सेसिबिलिटीची परवानगी द्यावी लागते. मग तिचे मेसेज कुणा परक्याच्या सर्व्हरवर जातात. पालकांसाठीचं गूगलचं फॅमिली लिंक आम्ही लावून देतो. कुठलं ॲप किती वेळ वापरलं ते त्यात दिसतं, मेसेज दिसत नाहीत.

आता काउंटरवर ‘न विचारता कुणाचे चॅट उघडून देत नाही’ असा बोर्ड लावतोय, पोरांनाही नीट बोलायला सांगितलंय. त्या दिवशी चार्जिंग पोर्ट साफ करून दिला, त्याचे पैसे घेतले नव्हते. तेही लिहिलं असतंत तर बरं वाटलं असतं.