फ्रेश यीस्टच्या जागी कोरडं यीस्ट: एक स्टार देणाऱ्या ग्राहकाला उत्तर

★☆☆☆☆
"पिठाच्या पाकिटाबरोबर जे रेसिपी कार्ड येतं त्यात १५ ग्रॅम फ्रेश यीस्ट लिहिलंय. माझ्याकडे इन्स्टंट होतं, तेच १५ ग्रॅम घातलं. पीठ भांड्याबाहेर आलं, ब्रेड मध्ये खचला, दारूसारखा वास आणि वर रंगही नाही. दुसऱ्यांदा नेटवर बघून एक तृतीयांश, म्हणजे ५ ग्रॅम ॲक्टिव्ह ड्राय तसंच पिठात मिसळलं आणि फ्रीजमधल्या पाण्यानं मळलं. पीठ चिकट झालं, दोन तासांत जेमतेम हललं, ब्रेड विटेसारखा. रेसिपीच चुकीची आहे."

नमस्कार,

दोन वेळचं पीठ आणि मेहनत वाया गेली की राग येणारच. पण तुम्ही दोन्ही वेळा काय घातलं, किती घातलं हे नेमकं लिहिलंत, त्यामुळे काय बिघडलं ते सांगता येतं. कार्डावरचे आकडे बरोबर आहेत आणि ते फ्रेश यीस्टसाठी आहेत. यीस्ट बदललं की वजन बदलतं, आणि तुमच्या दुसऱ्या प्रयोगात दिसलं तसं, नुसतं वजन बदलूनही भागत नाही.

फ्रेश यीस्टच्या वडीत साधारण ७० टक्के पाणीच असतं. म्हणजे १५ ग्रॅमच्या तुकड्यात खरा ऐवज साडेचार ग्रॅमच. इन्स्टंट यीस्ट वाळवून जवळजवळ कोरडं केलेलं असतं, त्यात ९५ टक्क्यांच्या आसपास ऐवज. ५ ग्रॅम इन्स्टंट घेतलं की पावणेपाच ग्रॅम ऐवज हाती येतो. एक तृतीयांशाचा हिशोब इथून आलाय. काही कंपन्या ४० टक्के घ्यायला सांगतात, म्हणजे १५ ग्रॅमच्या जागी ६. तुमच्या पाकिटावर प्रमाण छापलं असेल तर तेच धरा, कारण ते त्या यीस्टसाठी दिलेलं असतं.

आता तुमचा पहिला ब्रेड. ५०० ग्रॅम पिठात १५ ग्रॅम इन्स्टंट म्हणजे जवळजवळ ४५ ग्रॅम फ्रेश यीस्ट घातल्यासारखं झालं, कार्डात आहे त्याच्या तिप्पट. वेळ मात्र तुम्ही बहुधा कार्डावरचीच दिलीत. पिठातल्या स्टार्चपासून साखर हळूहळू सुटत असते. इतकं यीस्ट असलं की ती सुटायच्या आतच फस्त होते. भट्टीत कवच तांबूस व्हायला जी साखर उरायला हवी ती उरतच नाही, म्हणून रंग आला नाही. वायू मात्र भरपूर झाला. त्यानं ग्लुटेनची जाळी तिच्या ताकदीपलीकडे ताणली गेली आणि ब्रेड मध्ये खाली बसला. वास त्याच धावपळीत तयार झालेल्या अल्कोहोलचा. चुकून असं जास्त यीस्ट पडलंच तर घड्याळ विसरा आणि पीठ दुप्पट होताच पुढच्या पायरीवर जा. चव थोडी कमी येईल, पण ब्रेड खचणार नाही.

दुसरा ब्रेड जास्त बारकाईनं बघण्यासारखा आहे, कारण तुम्ही वजन विचार करून घेतलं होतंत. पण तो एक तृतीयांशाचा हिशोब इन्स्टंटचा. ॲक्टिव्ह ड्रायचे दाणे मोठे असतात आणि ते वाळवताना बऱ्याच पेशी मरतात. त्या मेलेल्या पेशींचं आवरण जिवंत पेशींभोवती राहतं. म्हणून ते इन्स्टंटपेक्षा साधारण सव्वापट घ्यावं लागतं: ५ ग्रॅमच्या जागी सव्वासहा, म्हणजे व्यवहारात ६ ग्रॅम. तुमचं १ ग्रॅम कमी पडलं, पण वीट त्यामुळे झाली नाही.

वीट झाली ती बहुधा थंड पाण्यानं. वाळलेल्या पेशीचं आवरण पाणी मिळाल्यावर पुन्हा नीट जुळायला ऊब लागते. गार पाण्यात ते जुळायच्या आधीच पेशीच्या आतला माल बाहेर गळतो. गळणाऱ्या पदार्थांत ग्लुटाथिऑन असतं आणि ते ग्लुटेनचे बंध सोडवतं. पीठ चिकट झालं ते बहुधा याच कारणानं, आमचं पीठ हलकं होतं म्हणून नाही. पुढच्या वेळी शंका आली तर मळलेला गोळा सुरीनं कापून कापलेल्या बाजूकडे बघा. बारीक तपकिरी ठिपके दिसले तर दाणे विरघळलेलेच नाहीत असं समजा.

आता ॲक्टिव्ह ड्राय कसं वापरायचं ते. कार्डात ५०० ग्रॅम पीठ, ३०० ग्रॅम पाणी आणि १० ग्रॅम मीठ आहे. १५ ग्रॅम फ्रेश यीस्ट स्वतःबरोबर साधारण १० ग्रॅम पाणी आणतं. कोरड्या यीस्टमध्ये ते नसतं, म्हणून पाणी ३१० ग्रॅम घ्या. त्यातलं ६० ग्रॅम बाजूला काढून ४० अंशांपर्यंत कोमट करा. थर्मामीटर नसेल तर बोट बुडवून बघा: ऊब जाणवावी, चटका बसू नये. पाणी ६० अंशांच्या घरात गेलं तर यीस्ट मरतं. त्यात चिमूटभर साखर आणि ६ ग्रॅम यीस्ट टाकून दहा मिनिटं हात लावू नका. दाणे विरघळून वर फेसाची साय धरली की उरलेल्या २५० ग्रॅम पाण्याबरोबर पिठात घाला. हे २५० ग्रॅम साधं पाणी असू दे, फ्रीजमधलं नको. मीठ पिठात मिसळा, यीस्टच्या वाटीत नको.

दहा मिनिटांनी फेस आलाच नाही, नुसतं करडं पाणी दिसलं, तर ते यीस्ट टाकून द्या. उघडून बरेच दिवस कपाटात ठेवलेलं पाकीट असेल तर हे होऊ शकतं. मेलेल्या यीस्टला कुठलंही प्रमाण लागू पडत नाही, आणि पाच चमचे जास्त घालून ते जिवंतही होत नाही.

इन्स्टंट वापरायचं असेल तर काम सोपं आहे. ५ ग्रॅम थेट कोरड्या पिठात मिसळा आणि मग ३१० ग्रॅम पाणी घाला. फक्त त्याच्यावर सरळ गार पाणी ओतू नका. तो त्रास त्यालाही होतो. एक अडचण काट्याची: घरातले बरेच वजनकाटे चिमूट-चिमूट टाकलेलं यीस्ट मोजतच नाहीत, आकडा शून्यावरच अडून राहतो. १० ग्रॅम एकदम मोजा आणि डोळ्यानं निम्मं करा, त्यात फरक कमी पडतो.

हे सगळे आकडे साध्या ब्रेडचे आहेत. गोड बनसारख्या पिठात साखर जास्त असते, तिथे साधं इन्स्टंट मंदावतं आणि तृतीयांशाचा हिशोब कोलमडतो. गोड पिठासाठी वेगळं यीस्ट मिळतं.

कार्ड फ्रेश यीस्टवरच का, असं काही जण विचारतात. आमच्या मते त्या ब्रेडची चव त्यातच चांगली येते, म्हणून ते तसंच राहील. तुम्हाला पिठाचं एक पाकीट आमच्याकडून पाठवतो. ऑर्डर क्रमांक मेसेज करा. आणि ॲक्टिव्ह ड्रायचं ते पाकीट कधी उघडलं होतं तेही लिहा, म्हणजे दुसऱ्या वेळी यीस्ट जुनं होतं की पाणीच नडलं ते पक्कं कळेल.