प्रौढ मेंदूत नव्या चेतापेशी जन्मतात का? वाद मोजणीचा आहे, तसाच ऊती जपण्याच्या पद्धतीचाही

2018 च्या वसंतात महिन्याभराच्या आत दोन शोधनिबंध प्रसिद्ध झाले आणि त्यांचे निष्कर्ष एकमेकांच्या अगदी विरुद्ध होते. सॉरेल्स आणि अल्वारेझ-बुइया यांच्या गटाने ‘नेचर’मध्ये लिहिले की हिप्पोकॅम्पस या मेंदूतील स्मृतीशी निगडित अवयवाच्या डेंटेट गायरस या भागात कोवळ्या चेतापेशींची संख्या बालपणातच झपाट्याने घटते आणि प्रौढांमध्ये त्या सापडतच नाहीत. बोल्ड्रिनी यांच्या गटाने मात्र 14 ते 79 वर्षे वयाच्या 28 मृत व्यक्तींचे हिप्पोकॅम्पस तपासून, उतारवयातही अशा पेशी हजारोंनी असतात, असे सांगितले. अवयव तोच आणि शोधण्याची मुख्य खूणही तीच, म्हणजे कोवळ्या चेतापेशींत आढळणारे डबलकॉर्टिन हे प्रथिन. तरीही उत्तरे इतकी वेगळी का आली, हे पाहिल्याशिवाय कोणत्याही एका बाजूला टाळ्या वाजवू नयेत, असे माझे मत आहे.

उंदीर-घुशींबद्दल आज फारसा वाद उरलेला नाही. ऑल्टमन आणि गोपाल दास यांनी 1965 मध्येच, विभाजित होणाऱ्या पेशींच्या डीएनएमध्ये शिरणारे किरणोत्सारी थायमिडीन वापरून, घुशींमध्ये जन्मानंतर तयार होणाऱ्या पेशी दाखवल्या होत्या. त्याकडे पुढे अनेक वर्षे दुर्लक्ष झाले, ही त्या काळाची शोकांतिका. 2001 मधील एका मोजणीनुसार तरुण घुशीच्या डेंटेट गायरसमध्ये रोज सुमारे 9,000 नव्या पेशी तयार होतात. मात्र त्यांतील बऱ्याच काही आठवड्यांतच मरतात आणि वय वाढले की हा वेग खूप मंदावतो. धावण्याच्या चाकामुळे नव्या पेशी वाढतात, हा प्रसिद्ध प्रयोगही तरुण उंदरांवरचाच आहे. तोच निष्कर्ष जसाच्या तसा साठीतल्या माणसाला लावून ‘रोज चाला, नव्या चेतापेशी मिळवा’ असे सांगणारे संदेश मला म्हणूनच खटकतात. चालण्याचे फायदे पुष्कळ आहेत; त्यांना या दाव्याची गरज नाही.

माणसाच्या बाबतीत खरी अडचण ऊतीची आहे. मृत्यूनंतर मेंदू काही तासांनी हाती येतो, मग तो पॅराफॉर्माल्डिहाइड या ऊती टिकवणाऱ्या द्रावणात ठेवतात आणि अनेक मेंदूपेढ्यांत तो तसाच महिनोन्‌महिने राहतो. 2019 मध्ये माद्रिदच्या योरेन्स-मार्टिन यांच्या गटाने एकाच मेंदूचे तुकडे वेगवेगळ्या कालावधीसाठी या द्रावणात ठेवून पाहिले. मुदत जितकी लांबली, तितकी डबलकॉर्टिनची खूण फिकी पडत गेली. नियंत्रित पद्धतीने जपलेल्या ऊतीत मात्र त्यांना 87 वर्षांच्या व्यक्तीपर्यंत कोवळ्या दिसणाऱ्या पेशी सापडल्या, आणि अल्झायमरच्या रुग्णांमध्ये त्या कमी आढळल्या. म्हणजे ‘सापडल्या नाहीत’ याचा अर्थ ‘नव्हत्या’ असाच होतो, असे नाही.

पण दुसऱ्या बाजूचे म्हणणेही मोडीत काढता येत नाही. सॉरेल्स यांच्या नमुन्यांत अपस्माराच्या शस्त्रक्रियेत काढलेली ताजी ऊतीही होती, आणि त्याच रंगपद्धतीने अर्भकांच्या मेंदूत कोवळ्या पेशी भरपूर दिसत होत्या. शिवाय डबलकॉर्टिन दिसले म्हणजे पेशी नुकतीच जन्मली, असेही नाही. मेंदूच्या अमिग्डालासारख्या दुसऱ्या भागात जन्माच्या आसपास तयार झालेल्या काही पेशी कित्येक वर्षे अपक्व राहतात, आणि त्यांतही हे प्रथिन असते. एखाद्या चेहऱ्यावर कोवळेपणा दिसतो म्हणून जन्मतारीख कळत नाही, तसेच हे आहे.

जन्मतारीख सांगणारे पुरावे माणसात मोजकेच आहेत. 1998 मध्ये एरिक्सन आणि गेज यांनी, उपचारादरम्यान बीआरडीयू हे रसायन दिलेल्या पाच कर्करुग्णांचे मेंदू मृत्यूनंतर तपासले. विभाजनाच्या वेळी हे रसायन नव्या डीएनएमध्ये शिरते, आणि ते डेंटेट गायरसमधील काही चेतापेशींत आढळले. दुसरा पुरावा 2013 चा. शीतयुद्धातील अणुचाचण्यांमुळे हवेतील कार्बन-14 वाढला आणि 1963 नंतर तो घटत गेला. पेशीच्या डीएनएमध्ये तिच्या जन्मवर्षी हवेत असलेले कार्बन-14 चे प्रमाण नोंदले जाते. स्पाल्डिंग आणि फ्रिसेन यांच्या गटाने त्यावरून प्रौढ माणसाच्या प्रत्येक हिप्पोकॅम्पसमध्ये दिवसाला सुमारे 700 नव्या चेतापेशी, असा अंदाज काढला. हा आकडा अनेक मेंदूंवरून गणिती प्रतिमानाने काढलेला आहे आणि त्यात कोणतीही एक नवी पेशी प्रत्यक्ष दिसत नाही. तरीही, वादातील इतर कोणत्याही पुराव्यापेक्षा तो मला अधिक वजनदार वाटतो, कारण तो द्रावणातल्या मुदतीवर किंवा डबलकॉर्टिनवर अवलंबून नाही.

2025 मध्ये फ्रिसेन यांच्याच गटाने ‘सायन्स’मध्ये, पेशीकेंद्रकांतील आरएनए वाचून, प्रौढ हिप्पोकॅम्पसमध्ये विभाजित होणाऱ्या पूर्वज पेशी दाखवल्या. काही प्रौढांमध्ये त्या जवळपास आढळल्याच नाहीत, तर काहींमध्ये बऱ्याच होत्या. म्हणून ‘होतात की नाही’ या प्रश्नाचे उत्तर माझ्या मते होकाराकडे झुकले आहे. त्या पूर्वज पेशींपासून दिवसाला किती चेतापेशी टिकून मेंदूतील चेतापेशींच्या परिपथात सामील होतात, आणि माणसामाणसांत इतका फरक का आहे, हे मात्र त्या अभ्यासातूनही ठरत नाही.