परिपाठातले आजोबा आणि कात्रजची बस

आज मुलाच्या शाळेत परिपाठाला एका बाईंचे वडील बोलायला आले होते. उभी हयात भोसरीच्या एका कारखान्यात, पत्रे ठोकणाऱ्या मशीनच्या प्रेस शॉपमध्ये गेली, आता दोन्ही कानांत मशीन. विषय होता इअरफोन. पालक प्रतिनिधी म्हणून मीही मागे उभी होते. दुपारी पालकांच्या ग्रुपवर एका आईचा मेसेज आला, "सकाळचा वेळ असल्या गोष्टींत का घालवता? मुलांना कळतं सगळं." खाली सात अंगठे. तेव्हापासून डोकं तापलंय माझं.

मुलांना कळत नाही हो. माझ्या मुलाला कळलं नव्हतं आणि मलाही नव्हतं.

गेल्या वर्षी नववीत असताना तो एका संध्याकाळी घरी आला आणि म्हणाला, "आई, कानात कापूस घातल्यासारखं वाटतंय आणि बारीक शिट्टी वाजतेय." सकाळपर्यंत सगळं ठीक. मी म्हटलं, दमला असेल. असं तीन-चार वेळा झालं आणि दर वेळी सकाळी बरा होतो म्हणून मी सोडून दिलं.

आजोबा आज नेमकं यावरच बोलले. म्हणाले, तळजाईवर गवतातून एकदा चाललात तर गवत वाकतं आणि पुन्हा उभं राहतं. रोज तिथूनच चाललात की पायवाट पडते. कानाच्या आत शंखासारखी वळलेली नळी असते, तिच्यात केसांसारखी टोकं असलेल्या पेशी असतात, एका कानात साधारण 15 हजार. मोठ्या आवाजाने त्यांचं गवतासारखंच होतं, आणि माणसात त्या मेल्या की परत उगवत नाहीत. म्हणजे सकाळी बरं वाटणं हे गवत उभं राहणं होतं. पायवाट पडायला सुरुवात झालीच होती.

आता आमची बस, जिच्यात तो रोज इअरफोन लावून गाणी ऐकायचा. कात्रज ते डेक्कन, 45 मिनिटं, खिडकीशी जागा, खाली इंजिन, बाहेर हॉर्न. आजोबांनी एक साधी खूण सांगितली: हातभर अंतरावरच्या माणसाशी बोलताना आवाज चढवावा लागला, तर गोंगाट 85 डेसिबलच्या आसपास आहे असं समजा. घरात मिक्सर चालू असताना होतं तसंच. अशा बसमध्ये गाणं ऐकू यायचं तर ते गोंगाटाच्या वर न्यावं लागतं, म्हणजे 90 सहज. घरी ज्या आवाजाला मुलगा स्वतःच "बंद कर" म्हणेल, तोच बसमध्ये त्याला बेताचा वाटतो.

जागतिक आरोग्य संघटनेची मुलांसाठीची मर्यादा आठवड्याला 75 डेसिबलला 40 तास अशी आहे. दर 3 डेसिबल वाढले की वेळ निम्मा. 78 ला 20 तास, 81 ला 10, 84 ला 5, 87 ला अडीच, 90 ला सव्वा तास. आठवड्याला सव्वा तास! आमचा जाऊन-येऊन दीड तास रोजचा. सोमवारी संध्याकाळी घरी पोचायच्या आधीच त्याचा आठवड्याचा वाटा संपत होता आणि पुढचे पाच दिवस तो रोज वर जात होता.

शेवटी श्रुतलेखनाने जागं केलं. बाईंनी वही दाखवली. "सात"च्या जागी "साठ", "शाल"च्या जागी "साल". मी त्याला धांदरट म्हणून ओरडले होते. कानाची तपासणी केली तेव्हा ऑडिओग्रामवर, म्हणजे ऐकण्याच्या आलेखावर, बाकी रेघ सरळ, 4000 हर्ट्झला खड्डा, 8000 ला पुन्हा वर. डॉक्टर म्हणाले, गोंगाटाने गेलेलं ऐकणं बहुतेकदा असंच दिसतं. स, श, त असले बारीक आवाज या वरच्या पट्टीतले. म्हणून माणूस बोलतोय हे ऐकू येतं, काय बोलतोय ते निसटतं. ते ओरडणं मला अजून टोचतं.

मान्य, ऑनलाइन क्लासला इअरफोन लागतात. शांत खोलीत, हळू आवाजात, खुशाल लावा. बाहेरचा गोंगाट अडवणारे हेडफोन बसमध्ये उपयोगी पडतात हेही खरं, पण ते घालून स्वारगेटला रस्ता ओलांडू नका, हे आजोबांनी बजावलं.

आम्ही त्या तपासणीपासून एक करतो. रात्री शांत घरात पुरेसा वाटेल तेवढा आवाज ठरवायचा, फोनच्या सेटिंगमध्ये तीच कमाल मर्यादा लावायची. बसमध्ये तेवढ्यात ऐकू आलं नाही तर इअरफोन दप्तरात. पहिले दोन आठवडे तो माझ्याशी धड बोलला नाही. आता खिडकीतून बघत बसतो, कधी शेजारच्या काकांशी क्रिकेटवर बोलतो. खड्डा भरला नाही, भरणारही नाही. वाढलाही नाही, हे मागच्या महिन्याच्या तपासणीत दिसलं.

आणि हो, आज आजोबा बोलताना मागची मुलं हसत होती. त्यांनी दोन्ही कानांतली मशीनं काढून हातात धरली आणि म्हणाले, "आता हसा, मला काही ऐकू येणार नाही." मैदान एकदम गप्प झालं.

मुलाला विचारून त्याचा ऑडिओग्राम आत्ताच ग्रुपवर टाकलाय, नाव झाकून. अजून कुणाचा अंगठा आलेला नाही.