‘वास येतच नाही’ म्हणे!

“आधुनिक कचरा प्रकल्पाला वास येतच नाही. विरोध करणारे फ्लॅटचे भाव पडतील म्हणून ओरडतात. जनसुनावणी झाली की विषय संपला. पुढे पाठवा!”

आज हे घरच्याच ग्रुपवर येऊन धडकलं, म्हणून लिहावं लागतंय.

यातलं पहिलं वाक्य सगळ्यात घातक. ओल्या कचऱ्यापासून गॅस करणाऱ्या प्रकल्पात गॅसची टाकी हवाबंद असते, तिचा वास येत नाही, हे खरं. वास येतो तो त्याआधी, गाड्या रिकाम्या होतात त्या शेडमधून. मिश्र कचरा आला की चिंध्या, करवंट्या, प्लास्टिक क्रशरमध्ये अडकतं. यंत्र थांबतं, गाड्या थांबत नाहीत. ढीग शेडमध्येच सडतो आणि खालून काळं पाणी वाहू लागतं. यावर उपाय आहे: शेड बंद ठेवून आतली हवा पंख्यांनी ओढायची आणि लाकडाच्या ओलसर तुकड्यांच्या थरातून, म्हणजे बायोफिल्टरमधून, बाहेर सोडायची. पण दार दिवसभर सताड उघडं राहिलं किंवा थर सुकला, की तो उपाय नुसता कागदावर उरतो.

पुण्याच्या बाणेरचंच बघा. रहिवाशांच्या तक्रारीवर हरित लवादाने २०२०मध्ये तिथला प्रकल्प बंद करायला सांगितलं. सप्टेंबर २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला, पण त्याचबरोबर नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेकडून नियमित तपासणी आणि दाट झाडी लावण्याचं बंधनही घातलं. वास हा नुसता कांगावा असता, तर या अटी कशाला?

भावांचं म्हणाल तर थोडं खरं आहे, नाइलाजाने मान्य. विकास आराखड्यातलं आरक्षण न बघता फ्लॅट घेणारेही असतात. पण उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांनी पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं झेलला. तिथल्या लोकांना कसले फ्लॅटचे भाव?

आता सुनावणी. २००६च्या पर्यावरण अधिसूचनेनुसार तिची किमान ३० दिवस आधी सूचना द्यावी लागते, प्रकल्पाच्या पर्यावरणावरील परिणामांच्या अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत ठेवावा लागतो आणि शेवटी इतिवृत्त लोकांना वाचून दाखवावं लागतं. अडचण अशी की तोवर जागा आणि तंत्र दोन्ही ठरलेलं असतं. लोकांना ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढंच उरतं, मग ते ‘नाही’ म्हणतात.

म्हणून बोलणं जागा ठरण्याआधी सुरू व्हावं, दोन-तीन पर्याय समोर ठेवून. चालू प्रकल्प दाखवायचा तर रहिवाशांनी निवडलेल्या दिवशी, पावसाळ्यात, दुपारी गाड्यांची रांग असताना. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी तर सगळंच चकाचक असतं. आणि करारात तीन गोष्टी लेखी हव्यात: रोज कमाल किती टन, मिश्र गाडी परत पाठवायचा अधिकार कुणाला, आणि यंत्र बंद पडलं तर त्या दिवशीचा कचरा कुठे जाणार. वजनकाट्याची रोजची नोंद गेटवर लावायची आणि रहिवाशांच्या समितीला न सांगता आत जायची मुभा द्यायची. तिसऱ्या प्रश्नावर अधिकारी “बघू” म्हणाला, तर तिथेच सही थांबवा.