विसर्ग सुरू आहे

पावसाळ्यात सांगलीकर सकाळी उठला की आधी आयर्विन पुलाची पातळी विचारतो, मग चहा. पुलापाशी पाणी 40 फुटांवर गेलं की इशारा, 45 वर धोका, आणि कोयनेचे दरवाजे किती उचलले हे घरातल्या शेंबड्या पोरालाही पाठ. गेल्या जुलैत आमच्या घरी मात्र काळजी उलटी होती. नदी वाहत होती, गटारं वाहत होती, आणि माझा विसर्ग चार दिवस शून्यावर होता. बायको स्वयंपाकघरातून विचारायची, "काही सोडलं का?" हे धरणाबद्दल की माझ्याबद्दल, हे कळेपर्यंत मी मान खाली घालून बसायचो.

दोष हळदीचा. मी मार्केट यार्डात एका पेढीवर हिशेब लिहितो. हंगामात सकाळचा चहा झाला की पोटात जरा हालचाल व्हायची, आणि नेमका तेव्हाच सौदा सुरू व्हायचा. राशीभोवती माणसं जमलेली, बोली चढतेय, आणि मी "जरा आलो" म्हणून निघालो तर मालक हातातलं पेन फेकून मारेल. म्हणून दाबायचं. दहा मिनिटांनी कळ आपोआप निघून जायची आणि मला वाटायचं, वा, काय संयम!

पंधरा वर्षं हा संयम केल्यावर गावभागातल्या वैद्यबाईंपुढे बसलो. त्या म्हणाल्या, "संयम नव्हे, वेगधारण. तुम्ही अडवलं तरी आतडं आपलं काम करत राहतं. तिथल्या मळातलं पाणी शोषून घेतं, मळ सुकून खडा होतो. आणि रोज बोलावूनही कुणी येत नाही म्हटल्यावर गुदाशय बोलावणंच बंद करतो."

हे ऐकून मला गुदाशयाबद्दल पहिल्यांदाच वाईट वाटलं.

बाईंकडे जाण्याआधी अर्थातच स्वतःचे उपाय करून झाले होते. रात्रीचं चूर्ण होतंच. त्यात सोनामुखी असते आणि ती आतड्याला चाबूक मारून पळवते, हे मला नंतर कळलं. आधी एक चमचा पुरायचा, मग दोन, मग तीन. शेवटी एका शनिवारी एरंडेल घेतलं, चहातून, अंदाजाने. रविवारी काय झालं ते लिहीत नाही, शेजाऱ्यांचीही अब्रू आहे. पण सोमवार, मंगळवार पुन्हा काहीच नाही. झालं, परत कोठा बसला म्हणून मी पुन्हा बाटली काढली. बाईंनी हे ऐकून कपाळाला हात लावला. "अहो, पूर्ण रिकामं झालेलं आतडं भरायला दोन-तीन दिवस लागणारच. रिकाम्या पोत्याला बद्धकोष्ठ म्हणून झोडपत होता तुम्ही!"

तरीही मी हटून म्हणालो, "एकदाचा चांगला जुलाब द्या ना."

तिथे कळलं की शास्त्रातलं विरेचन आणि आपला जुलाब ही फार लांबची भावंडं आहेत. विरेचनाआधी तीन ते सात दिवस सकाळी औषधी तूप प्यायचं, रोज वाढत्या मापाने, तुपाचं नाव काढलं तरी शिसारी येईपर्यंत. मग दोन-तीन दिवस अंगाला तेल आणि शेक. मग निशोत्तरासारखं औषध घेऊन वैद्याच्या नजरेखाली वेग, म्हणजे किती वेळा जावं लागलं ते, मोजायचे. हलकी शुद्धी म्हणजे दहा, मध्यम वीस, उत्तम तीस. पुढे काही दिवस पेजेपासून सुरुवात करून हळूहळू भातावर यायचं. एवढा सगळा खटाटोप मुख्यतः पित्तासाठी. माझा कोठा क्रूर, म्हणजे वाताने कोरडा पडलेला. "तुम्हाला बस्ती," बाई म्हणाल्या. "म्हणजे औषध गुदद्वारातून आत सोडायचं. आठ दिवसांचा योगबस्ती. पाच तेलाच्या, तीन काढ्याच्या."

त्याआधी त्यांनी पोलिसासारखी चौकशी केली. ताप आहे का, जुलाब-आव आहे का, जेवण पचतंय का. मूळव्याधीतून रक्त जातं का, भगंदर किंवा चीर आहे का, आतड्याचं ऑपरेशन झालंय का. पोट फुगून वारासुद्धा सरत नाही, ओकारी येते, असं होतं का? तसं असेल तर आतड्यात अडथळा असू शकतो. मग बस्ती नाही, जुलाब तर मुळीच नाही, थेट हॉस्पिटल. गरोदर बाईलाही त्या दारातूनच परत पाठवतात. मला गरोदरपणाचं सोडून सगळं विचारलं.

पहिल्या दिवशी तेलाची बस्ती. ही जेवल्यावर लगेच घ्यायची असते. ग्रंथात म्हणे 'हात ओला असताना' असं लिहिलंय. मी मऊ भात आणि मुगाचं वरण खाऊन, खरोखरच ओल्या हाताने, टेबलावर चढलो. डावी कूस, डावा पाय सरळ, उजवा गुडघ्यात दुमडून पोटाशी. मोठं आतडं शेवटी डावीकडून उतरतं, म्हणून ही कूस. उपचार देणारे मामा फार शांत मनुष्य. त्यांनी नळीला तेल लावलं आणि म्हणाले, "तोंडानं श्वास सोडा, आणि आता कुठल्या राशीला काय भाव निघाला ते सांगा." मी भाव सांगेपर्यंत 60 मिली कोमट तेल आत गेलं होतं. मग त्यांनी माझ्या ढुंगणावर हलक्या थापट्या मारल्या, तळव्यांवरही मारल्या आणि खाटेची पायाकडची बाजू तीनदा उचलली. तेल लगेच बाहेर येऊ नये म्हणून. बावन्नाव्या वर्षी मला कुणीतरी थोपटून झोपवत होतं. हे तेल रात्रभर आत राहिलं तरी बिघडत नाही. माझं राहिलं. धोतरासारखा पंचा गुंडाळून झोपलो होतो, तोही बराचसा कोरडा राहिला.

दुसऱ्या दिवशी निरूह, म्हणजे काढ्याची बस्ती. ही रिकाम्या पोटी. ती तयार होताना मी खलाजवळ उभा राहून पाहिली. आधी मध आणि सैंधव घोटायचं. मग तिळाचं तेल थोडं थोडं घालत राहायचं, दोन्ही एकजीव होईपर्यंत. मग शेपेचा वाटलेला कल्क, आणि शेवटी दशमुळांचा गाळलेला काढा. क्रम चुकला किंवा घाई केली की तेल वर तरंगतं, आणि फाटलेलं मिश्रण आत जाऊन नुसती कळ काढतं. गरम करायचं तेही भांडं गरम पाण्यात ठेवून, थेट विस्तवावर नाही. सगळं मिळून साधारण 450 मिली. आमच्या बायकोने श्रीखंडसुद्धा एवढ्या मायेने कधी घोटलं नाही. (हे वाक्य तिने वाचलं तर पुढचा लेख येणार नाही.)

मामांनी मिश्रण सोडलं, पण तळाशी थोडं मुद्दाम ठेवलं. "सगळं सोडलं की मागनं वारा शिरतो. मग पोट धरून बसशीला." मग मला उताणं झोपवून घड्याळ लावलं. काढ्याला मुदत एका मुहूर्ताची, 48 मिनिटं. त्या आत तो बाहेर यायलाच हवा. नाही आला आणि पोट फुगून दुखायला लागलं, तर वैद्याला बोलवायचं.

इथे एक गोष्ट सांगायची राहिली. तिथे संडास एकच होता.

पलीकडच्या खाटेवर एक निवृत्त गणिताचे मास्तर होते. त्यांना माझ्याआधी वीस मिनिटं निरूह दिला होता, आणि त्या हिशेबाने ते माझ्याआधी मोकळे व्हायला हवे होते. पण मास्तर निवांत छताकडे बघत पडलेले. मला अकराव्या मिनिटाला बेंबीभोवती गुडगुड सुरू झाली. बाराव्याला कोयनेचा एक दरवाजा फूटभर उचलला. तेराव्या मिनिटाला मी उठलो, आणि त्याच क्षणी मास्तरही उठले.

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. सांगलीत पंगतीत माणसं "तुम्ही आधी, तुम्ही आधी" करत आमटी गार करतात. इथे कुणीच तसं म्हटलं नाही. मास्तर सत्तरीचे, पण दाराजवळचे. मामा मध्ये पडले आणि मला मागच्या अंगणातून त्यांच्या स्वतःच्या खोलीतल्या संडासात पळवलं. मी पंधरा वर्षांचा संयम शेवटच्या पंधरा पावलांत वापरला.

आधी पाणी, मग खडे, मग बराच वारा, आणि मग पोट असं हलकं झालं की मला बाहेर येऊन मामांच्या पाया पडावंसं वाटलं. मामा दोन पावलं मागे सरले. गरम पाण्याने अंघोळ आणि मऊ भात. तेलाआड काढा का, तर नुसते काढे देत गेलं की वात आणखी कोरडा होतो आणि नुसतं तेल देत गेलं की भूक मरते.

चौथ्या दिवशी सासरे आले, तासगावहून. अण्णांचं वय 71, अंगात इर्षा फार. माझे वेग ऐकून त्यांना जावयाच्या वर जायचं होतं. "मला बस्ती-बिस्ती नको. तीस वेगांचा जुलाब द्या, बाई. तीन महिने पोट साफ नाही."

बाई म्हणाल्या, "घेता त्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणा."

पिशवीतून हृदय कमजोर असल्याच्या गोळ्या निघाल्या, पायांची सूज उतरवणारी लघवीची गोळी निघाली, आणि गुडघ्यासाठी ट्रॅमाडॉल. तीन महिन्यांपूर्वी सुरू केलेली. बाईंनी ती बाजूला काढली. "हिनं आतडं झोपतं. ज्यांनी दिली त्यांना विचारा, बदलता येईल का." आणि जुलाबाला साफ नाही. लघवीच्या गोळीने पोटॅशियम आधीच कमी होतं. वर तीस जुलाब झाले तर पाणी आणि पोटॅशियम दोन्ही जाणार. रक्तदाब उतरून माणूस संडासातच कोसळेल, नाहीतर हृदयाचा ठोका चुकेल. मग त्यांनी अण्णांच्या धोतराकडे पाहिलं. "गाठ पूर्वीपेक्षा आत येते का?" येत होती. या वयात पोटाची सवय अचानक बदलली आणि वजनही उतरलं, तर आधी आतड्याच्या आत काय आहे ते पाहायचं, मग उपचार. चिठ्ठी मिरजेची.

अण्णा चार दिवस बाईंवर फणफणत होते. "जावयाला दिलं, मला न्हाय!"

मिरजेत कोलोनोस्कोपी ठरली. हृदयाच्या डॉक्टरांना विचारून, रक्तातले क्षार तपासून, आदल्या दिवशी त्यांना आतडं धुण्याचं पावडरीचं पाणी प्यायला दिलं, लिटरच्या मापाने. त्यात क्षार मोजून घातलेले असतात, त्यामुळे पाणी धो धो जातं पण शरीरातलं मीठ फारसं हलत नाही. मी घरी आठवी बस्ती उरकून, ओल्या हाताने, गादीवर पडलो होतो. रात्री साडेनऊला फोन वाजला.

"जावईबापू," पलीकडून दमलेला, पण विजयी आवाज आला, "तुमचे किती झाले होते?"

"तीन, अण्णा."

"माझे सव्वीस! आणि अजून अर्धा लिटर शिल्लक हाय."

तपासणीत काही वावगं निघालं नाही. गुडघ्याची गोळी बदलल्यावर आणि जेवण पुन्हा जायला लागल्यावर धोतराची गाठही जागेवर आली. माझंही बरं चाललंय, पण बाईंनी चूर्ण काढून घेतलंय आणि सकाळच्या चहानंतर दहा मिनिटं बसण्याचं लेखी वचन घेतलंय, कळ येवो न येवो. नव्या हंगामात ते मालकाला कसं सांगायचं, एवढाच प्रश्न होता. पहिल्याच सौद्याला बोली ऐन रंगात आली आणि मी पेन त्यांच्या हातात दिलं.

"कुठं निघालास?"

"मालक, विसर्ग सुरू आहे."

ते दोन पावलं मागे सरले.